प्रकल्प नोंदी: पाच शाखांचे मायग्रेशन आणि २७ जानेवारीचा फोन

काम: एका नागरी सहकारी पतसंस्थेचा डेटा जुन्या फॉक्सप्रो सॉफ्टवेअरमधून नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेणे. पाच शाखा, साधारण ६,३०० कर्जखाती. ठरलेली तारीख १ एप्रिल २०२५. जुने सॉफ्टवेअर प्रत्येक शाखेत वेगळे, शाखा एकमेकींना जोडलेल्या नाहीत. एप्रिलच्या तारखेला संस्थेत भावनिक वजनही आहे. ३० मार्चला गुढीपाडवा आहे आणि अध्यक्षांनी सभेत मुहूर्त जाहीर करून टाकला आहे.

२० जानेवारी, सोमवार

मुख्य शाखेची पहिली चाचणी फेरी. डेटा चढवून तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांचा ताळा, काढायला साडेपाच तास लागले. तेरीज पैशापर्यंत जुळली आणि सगळ्यांचे चेहरे उजळले.

तेरीज जुळली याचा अर्थ एवढाच, की खात्यांच्या बाक्या जशाच्या तशा आल्या. कर्जावरचे व्याज नवे सॉफ्टवेअर स्वतः मोजते. ते बरोबर मोजते का, हे तेरजेत दिसतच नाही. कर्जदार खिडकीवर येऊन "आज भरायचे किती?" असे विचारतो, फरक तेव्हा उघडा पडतो. म्हणून मुख्य शाखेच्या २,१४० कर्जखात्यांचे आजच्या तारखेचे येणे व्याज दोन्ही सॉफ्टवेअरमधून काढून समोरासमोर ठेवायला घेतले.

२१ जानेवारी, मंगळवार

६३४ खात्यांत एक रुपया किंवा त्याहून जास्त फरक आहे.

खाते खाते उघडून बघण्याआधी फरकाला त्या खात्याच्या एका दिवसाच्या व्याजाने भागून पाहिले. एक लाख बाकी आणि १३ टक्के दर असेल तर एका दिवसाचे व्याज ३५ रुपये ६२ पैसे. भागाकार म्हणजे फरक किती दिवसांचा आहे, ते.

```sql
SELECT ac_no, old_int - new_int AS farak,
       ROUND((old_int - new_int) / (bal * rate / 36500), 2) AS divas
FROM vyaj_tulna
WHERE ABS(old_int - new_int) >= 1
ORDER BY divas;
```

४५३ खात्यांत भागाकार बरोबर १ आला. सगळी खाती रोखीने हप्ता भरणाऱ्यांची. जुने सॉफ्टवेअर रोख पावतीचा दिवस दोनदा धरते: आधीच्या मुदतीचा शेवटचा दिवस म्हणून एकदा आणि पुढच्या मुदतीचा पहिला दिवस म्हणून पुन्हा. बचत खात्यातून वर्ग होणाऱ्या हप्त्यांत असे होत नाही. कारण एकच आहे आणि सगळीकडे सारखे लागू आहे, त्यामुळे हा गट वेळ खाणार नाही. मात्र यात संस्थेने कर्जदाराकडून एक दिवस जास्त धरल्याचा प्रश्न येतो. तो संचालक मंडळाने ठरवायचा, आपण परस्पर मिटवायचा नाही.

उरली १८१ खाती. त्यांचे भागाकार वाटेल तसे आहेत: ८.०८, १९.४, काही ऋण.

२२ जानेवारी, बुधवार

८.०८ चे खाते पूर्ण उलगडले. बाकी दीड लाख, शेवटचा भरणा ३१ मार्च २०२३, तेव्हा दर १४ टक्के. १ जुलै २०२३ पासून मंडळाच्या ठरावाने १३. जुन्या डीबीएफ फाइलमध्ये दराचा रकाना एकच आहे. दर बदलला की जुना आकडा पुसला जातो. बदलाची तारीख सापडते ती फक्त ठरावाच्या वहीत. जुन्या सॉफ्टवेअरने जूनपर्यंतचे व्याज तेव्हाच्या दराने महिन्याला नावे टाकून ठेवले होते, म्हणून त्याचा आकडा १४ टक्क्यांचा आहे. नव्याला आजचा दर तेवढा माहीत, म्हणून त्याने एप्रिल ते जून या ९१ दिवसांनाही १३ च लावले. त्याचा फरक ३७३ रुपये ९७ पैसे. पावतीच्या दुबार दिवसाचे ५७ रुपये ५३ पैसे मिळवले की ४३१ रुपये ५० पैसे होतात. फरक बरोबर तेवढाच होता.

इथे चूक आमचीही आहे. सुरुवातीच्या माहितीपत्रकात आम्ही "व्याजदर" मागितला होता, "व्याजदर आणि तो केव्हापासून" असे मागितले नव्हते. कळवताना हे लपवायचे नाही.

आजपासून १८१ खाती छापील खतावणीशी ताडून बघणे सुरू. संस्थेचे दोन कारकून, दुपारी खिडकी बंद झाल्यावर.

२५ जानेवारी, शनिवार

चार दिवसांत ४७ खाती झाली. दोघे मिळून दिवसाला १२ धरायला हरकत नाही.

जुना आकडा जसाच्या तसा उचलून नव्यात सुरुवातीची बाकी म्हणून टाकावा, ही सरधोपट वाट सगळ्यांना आधी सुचते. म्हणून ४७ खात्यांत जुना आकडा तरी बरोबर होता का, तेही पाहिले. ११ खात्यांत तो चुकीचा निघाला. व्याजात दिलेली सूट मुद्दलात जमा झालेली, एक पावती दोनदा चढलेली, असे प्रकार. सगळ्या हाताने केलेल्या दुरुस्त्या, शेरा कुठेच नाही. कर्जदार थकला आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी जायची वेळ आली, तर हाच उतारा जोडावा लागतो. तिथे असा आकडा टिकणार नाही.

एका शाखेवरून पाच शाखांचा अंदाज बांधणे कच्चे होते, म्हणून सर्वांत लहान शाखेचीही फक्त व्याजतुलना चालवली. ४८० खात्यांत ३९ उरली. मुख्य शाखेत शेकडा साडेआठ, इथे आठच्या जरा वर. प्रमाण टिकते आहे. बाकीच्या तीन शाखांच्या ३,६८० खात्यांत सुमारे ३११ निघतील असे धरले.

२७ जानेवारी, सोमवार

हिशेब फळ्यावर मांडला. पाच शाखा मिळून हाताने तपासायची खाती सुमारे ५३०. झाली ४७. उरली साधारण ४८०. दिवसाला १२ म्हणजे ४० कामाचे दिवस.

हातात किती? २० फेब्रुवारीपासून दोन्ही कारकून मार्चअखेरच्या वसुलीवर जाणार, हे व्यवस्थापकांनी पहिल्याच बैठकीत सांगितले होते. उद्यापासून १८ फेब्रुवारीपर्यंत कामाचे १९ दिवस मिळतात. १९ला शिवजयंतीची सुट्टी. चाळीस हवेत, एकोणीस आहेत. रविवारी बसून, रात्री थांबून हा फरक भरत नाही.

नावांचे मराठी फॉन्टही पूर्ण सुटलेले नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: "किसन"मधली वेलांटी क च्या आधी, "सुर्वे"मधला रफार वे च्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलटे. रूपांतराचा तक्ता तयार आहे, पण मधल्या काळात संगणक बदलले तेव्हा फॉन्टही बदलला आणि एकाच रकान्यात दोन फॉन्टची नावे मिसळली. काही नावे वेडीवाकडी येणार. ती शाखेत छापून पेन्सिलीने दुरुस्त करून घेता येतात आणि १ एप्रिलनंतर केली तरी चालते. म्हणून हा मुद्दा आजच्या बोलण्यात आणायचा नाही. अडचणींची यादी लांबली की तारीख कोणत्या अडचणीमुळे हलते आहे, हेच समोरच्याला कळेनासे होते.

आजच कळवायचे की दुसरी चाचणी फेरी होईपर्यंत थांबायचे, यावर आमच्यात अर्धा तास वाद झाला. थांबण्याच्या बाजूचे म्हणणे: ३११ हा अंदाज आहे, कदाचित कमी निघतील. खरे आहे. पण निम्मी निघाली तरी ४७ वजा जाता सव्वातीनशे खाती उरतात, म्हणजे २७ दिवस. तरीही पुरत नाही. दुसरे, जुन्या सॉफ्टवेअरचा देखभाल करार ३१ मार्चला संपतो. तो तिमाहीपुरता वाढवायचा तर महिनाभर आधी, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या आत पत्र द्यावे लागते. दुसरी फेरी २० फेब्रुवारीला. तिच्यानंतर सांगितले तर संस्थेच्या हातात आठ दिवस उरतात आणि तेवढ्यात मंडळाची सभा लागत नाही. पर्याय त्यांचा आहे आणि तो आमच्या उशिरामुळे बंद होता कामा नये. वाद इथे मिटला.

दुपारी सव्वातीनला व्यवस्थापकांना फोन. ईमेल नंतर, आधी फोन. बोलणे जवळपास असे झाले:

"साहेब, १ एप्रिलला पाचही शाखा चालू करण्यात अडचण आहे. तुम्हाला आजच सांगतो, कारण अजून तीन मार्ग खुले आहेत."

"तेरीज जुळली म्हणालात ना परवा?"

"तेरीज जुळली. व्याज जुळत नाही. मुख्य शाखेत १८१ खाती अशी आहेत, की ती खतावणी उघडूनच तपासावी लागतील. पाच शाखा मिळून चाळीस दिवसांचे काम आहे, आपल्याकडे एकोणीस आहेत."

"मग दोन माणसं अजून देतो."

"नवा माणूस दिलात तर त्याला तुमच्या खतावणीचे खातेक्रमांक नि ठरावांची वही कोण समजावणार? तेच दोघे. पहिला आठवडा वेग वाढण्याऐवजी घटेल. बुधवारी अकराला येतो, सगळे कागदावर घेऊन."

थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "अध्यक्षांना मी काय सांगू?" खरा प्रश्न हाच आहे. बुधवारचा कागद असा हवा, की तो ते तसाच अध्यक्षांपुढे ठेवू शकतील.

२९ जानेवारी, बुधवार

बैठक. एका पानाचा कागद नेला. नोंदीसाठी मजकूर पूर्ण ठेवतो.

> विषय: १ एप्रिल २०२५ रोजी पाचही शाखा सुरू होण्याबाबत जोखीम आणि निर्णयाची विनंती
>
> स्थिती: सध्याच्या वेगाने १ एप्रिलला पाचही शाखांचे कर्जव्याज तपासून पूर्ण होणार नाही. ठेवी, बचत आणि पिग्मी यांत अडचण आढळलेली नाही.
>
> कारणे: (१) जुन्या सॉफ्टवेअरमध्ये व्याजदर बदलाची तारीख साठवली जात नाही. आम्ही ती सुरुवातीस मागितली नाही, ही आमची त्रुटी. (२) काही खात्यांत हाताने केलेल्या दुरुस्त्यांचा शेरा नाही. तपासलेल्या ४७ पैकी ११ खात्यांत जुना आकडाच पावत्यांशी जुळत नाही. (३) तपासणी करू शकणारे कर्मचारी २० फेब्रुवारीपासून वसुलीवर आहेत.
>
> पर्याय अ: पाचही शाखा १ एप्रिलला, जुने व्याज आहे तसे घेऊन. वेगळा खर्च नाही. चुकीचे आकडे नव्या सॉफ्टवेअरमध्ये कायम होतील. हा पर्याय मार्चच्या मध्यापर्यंत खुला.
>
> पर्याय ब: मुख्य शाखा आणि लहान शाखा १ एप्रिलला, उरलेल्या तीन १ जुलैला. जुन्या सॉफ्टवेअरचा तीन महिन्यांचा करार रु. २७,०००. तिमाहीत आंतरशाखा व्यवहार हाताने व्हाउचर करून. हा पर्याय २८ फेब्रुवारीपर्यंत खुला.
>
> पर्याय क: सर्व शाखा १ एप्रिल २०२६ ला. तपासणीस भरपूर वेळ, पण जुन्या सॉफ्टवेअरचा पूर्ण वर्षाचा करार, आणि घेतलेली यंत्रे वर्षभर पडून.
>
> आमची शिफारस: पर्याय ब. दोन शाखांची १७३ खाती उरली आहेत, १५ दिवसांत होतात, चार दिवस हाताशी राहतात. रु. २७,००० पैकी निम्मे आम्ही सोसू.
>
> आपल्याकडून हवे: ७ फेब्रुवारीपर्यंत पर्यायाचा निर्णय, आणि दुबार दिवसाच्या व्याजाबाबत मंडळाचा ठराव.

कागदात नसलेली एक गोष्ट बैठकीत व्यवस्थापकांकडून कळली, आणि ती आमच्या आराखड्याचा पायाच हलवणारी होती. ३० मार्च रविवार आणि पाडवा, ३१ला ईद, म्हणून डेटा चढवायला सलग दोन दिवस मिळतील असे आम्ही धरले होते. ते म्हणाले, "३१ मार्चला खिडकी रात्री नऊपर्यंत उघडी असते. त्या रात्री आलेला प्रत्येक हप्ता एनपीएचा, म्हणजे थकीत कर्जांचा, आकडा खाली आणतो. सुट्टी कसली?" म्हणजे हातात एकच रात्र. एका मोठ्या शाखेला साडेपाच तास लागतात. पाच शाखा एका रात्रीत व्याज जुळले असते तरी झाल्या नसत्या. पर्याय अ इथेच संपला. ही माहिती एरवी मार्चमध्ये कळली असती.

१ ऑक्टोबरचे काय, असे त्यांनी विचारले. सहामाही ठेवव्याज ३० सप्टेंबरला पडते आणि वार्षिक सभाही त्याच तारखेच्या आत घ्यावी लागते. तीच माणसे दोन्हीकडे अडकतील. म्हणून तो पर्याय मांडलाच नव्हता.

३१ जानेवारी, शुक्रवार

लेखापरीक्षकांना विचारून घेतले, कारण पर्याय ब मध्ये तीन शाखांचे वर्ष दोन सॉफ्टवेअरमध्ये विभागले जाते. त्यांची हरकत नाही. अट: ३० जूनची तेरीज दोन्हीकडून छापून, शाखाधिकाऱ्याच्या सहीने जपून ठेवायची. त्यांनी नाही म्हटले असते तर आमची शिफारसच पडली असती. हे विचारणे बुधवारच्या आधी व्हायला हवे होते.

५ फेब्रुवारी, बुधवार

संचालक मंडळाची सभा. पर्याय ब मंजूर. दुबार दिवसाचे व्याज ३१ मार्चपर्यंत जसे आहे तसे, १ एप्रिलपासून नव्या पद्धतीने, असा ठराव. एक संचालक आपल्या गावची शाखा लहान शाखेऐवजी आधी घ्यावी म्हणून अडून बसले होते. त्या शाखेत खाती १,१००च्या वर आहेत. एकोणीस दिवसांचे गणित पुन्हा दाखवल्यावर थांबले. पाडव्याची पूजा मुख्य शाखेत होणार, काम १ एप्रिलला सुरू होणार. मुहूर्तही राहिला.

ठरले: दर शनिवारी व्यवस्थापकांना एक ओळ. "उरलेली खाती इतकी, उरलेले दिवस इतके." टक्केवारी नाही. "ऐंशी टक्के काम झाले" यातून तारीख गाठणार की नाही ते कधीच कळत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

उरलेली खाती ४४, उरलेले दिवस ८.

१० फेब्रुवारी, सोमवार

लहान शाखेच्या २०१४ ते २०१६ च्या खतावण्या शाखेत नाहीत. जागा बदलताना कुठल्या तरी गोदामात गेल्या. शनिवारची वाट न बघता आजच कळवले: "काम थांबले आहे. १३ तारखेपर्यंत वह्या मिळाल्या तर १७ ला संपते. नाही मिळाल्या तर ही शाखा १ एप्रिलमधून काढावी लागेल." व्यवस्थापकांनी शिपाई पाठवला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वह्या काल संध्याकाळी आल्या. दोन ओल्या, पण वाचता येतात. तीन दिवस गेले. हाताशी ठेवलेल्या चारांतले तीन.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दोन्ही शाखांची खाती संपली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुसरी चाचणी फेरी, दोन शाखा. मंडळाच्या ठरावाप्रमाणे दुबार दिवस धरून तुलना केली. रुपयाहून जास्त फरकाची खाती शून्य. काही पैशांचे फरक आहेत, ते जुन्याच्या रुपयात पूर्ण करण्यामुळे. लहान शाखेला दोन तास दहा मिनिटे लागली. दोन्ही मिळून एका रात्रीत बसते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

करार वाढवण्याचे पत्र जुन्या सॉफ्टवेअरवाल्यांना पोहोचले. पोच घेतली.

१ एप्रिल, मंगळवार

मुख्य शाखेची तेरीज पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी जुळली. लहान शाखेत १,२५० रुपयांचा फरक. ३१च्या रात्री तिसऱ्या शाखेच्या एका कर्जदाराने हप्ता इथे भरला. पावती फाडली गेली, आंतरशाखा व्हाउचर राहिले. साडेसहाला सापडले. खिडकी साडेदहाला वेळेवर उघडली.

तीन महिने हा प्रकार रोज होणार. प्रत्येक शाखेत आंतरशाखा व्हाउचरची वेगळी वही ठेवायला आणि दिवसअखेर फोनवर आकडे जुळवायला आजपासून सांगितले.

उरलेल्या तीन शाखा: खाती अंदाजे ३११, तपासणी ७ एप्रिलपासून. सुट्ट्या वगळून २६ दिवस, म्हणजे १० मे. पहिली ओळ १२ एप्रिलच्या शनिवारी जाईल.